बाटली बनण्याआधीचा तिचा फोटो

आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने २००६ साली 'बर्टिल' नावाच्या एका लाकडी खुर्चीचं चित्र प्रसिद्ध केलं. ते कॅमेऱ्याने काढलेलं नव्हतं, संगणकावर तयार केलेलं होतं, आणि बघणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. २०१४च्या सुमारास कंपनीनेच सांगितलं की, आता त्यांच्या वस्तूंच्या चित्रांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश चित्रं अशीच बनतात. मधल्या काळात त्यांनी जे केलं, ते मला या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. संगणकावरच्या चित्रांचा दर्जा एकसारखा येत नव्हता, म्हणून त्यांनी संगणकावर काम करणाऱ्यांना फोटोग्राफी शिकवली आणि फोटोग्राफरांना संगणकावर काम करायला शिकवलं. चित्रं सुधारली ती त्यानंतर.

या प्रकाराला 'रेंडरिंग' म्हणतात आणि तयार चित्राला 'रेंडर'. आपल्याकडे चाकण-भोसरीच्या पट्ट्यातले लहान उद्योजकही आता साचा टाकण्याआधी ग्राहकाला किंवा वितरकाला रेंडर दाखवतात, कारण साच्याचा खर्च लाखांत जातो आणि मालाची मागणी आधी पक्की झालेली बरी असते. पण या कामातल्या नवख्यांची एक समजूत असते. चांगलं सॉफ्टवेअर घेतलं, त्यातलं 'स्टेनलेस स्टील' नावाचं मटेरियल वस्तूवर टाकलं, की स्टील दिसेल, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात दिसते ती राखाडी रंगाची, मेलेली बाटली. असं का होतं आणि त्यावर काय करायचं, हे एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत बघू.

आपली बाटली २६ सेंटिमीटर उंच आणि ७ सेंटिमीटर व्यासाची आहे. अंगावर गडद हिरवं पावडर कोटिंग, तळाला दोन बोटं रुंदीचा उघड्या स्टीलचा पट्टा, मानेशी तसंच स्टीलचं कडं आणि वर काळ्या प्लास्टिकचं झाकण. सॉफ्टवेअर ब्लेंडर घेऊ. ते फुकट मिळतं आणि त्यातलं 'सायकल्स' हे रेंडर इंजिन या कामाला पुरेसं आहे. पैसे मोजून घ्यायच्या कीशॉटसारख्या सॉफ्टवेअरमध्येही तत्त्वं हीच राहतात.

सायकल्स काय करतं, ते आधी थोडक्यात. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून ते कॅमेऱ्याच्या बाजूने किरण सोडतं. किरण बाटलीवर आपटतो, तिथून उडून दुसऱ्या कशावर तरी जातो, तिथून तिसऱ्यावर, आणि शेवटी एखाद्या दिव्यापर्यंत पोचला की त्या ठिपक्याला किती प्रकाश मिळाला याचा हिशेब लागतो. जेम्स काजिया या शास्त्रज्ञाने १९८६ साली हा हिशेब एका समीकरणात मांडला आणि आजची बहुतेक वास्तवदर्शी इंजिनं त्याच समीकरणाची उत्तरं शोधत असतात. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट इतकीच की, धातूवर आपटलेला किरण पुढे कुठे जातो यावर धातू कसा दिसेल हे ठरतं. तो रिकाम्या जागेत गेला, तर धातूला दाखवायला काही नसतं. स्टीलला स्वतःचा असा रंग जवळपास नाही. समोर जे असेल, ते स्टील दाखवतं. नुसतं मटेरियल टाकलेली बाटली मेलेली दिसते, कारण तिच्याभोवती खोलीच नसते.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण मटेरियलपासून सुरुवात करतात, मग दिवे लावतात आणि शेवटी कॅमेरा फिरवून बरा कोन शोधतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा: आधी कॅमेरा, मग दिवे, मग मटेरियल. चकचकीत वस्तूवरचं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतं. दिवे मनासारखे लावून झाल्यावर कॅमेरा हातभर सरकवला, तर सगळी प्रतिबिंबं सरकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

त्याआधी मॉडेल तपासून घ्यायला हवं. बाटलीचं डिझाइन बहुधा कॅड सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटरमध्ये झालेलं असतं आणि ब्लेंडर एका एककाला एक मीटर समजतं. फाइल तशीच उघडली, तर २६० मिलिमीटरची बाटली २६० मीटरची होते, म्हणजे कुतुबमिनाराच्या साडेतीनपट. पडद्यावर ती छानच दिसते, त्यामुळे चूक कळत नाही. मग दिव्यांचा प्रकाश पुरत नाही, मागचा भाग धूसर होत नाही आणि माणूस भलतीकडेच कारण शोधत बसतो. आकार ०.००१ पटीने कमी करून ही मोजमापं सुरुवातीलाच खरी करावीत.

दुसरी तपासणी गोलाईची. कॅडमधली गुळगुळीत गोलाई ब्लेंडरमध्ये येताना लहान सपाट तुकड्यांची होते. तुकडे मोठे असतील, तर नुसत्या हिरव्या अंगावर ते लपतात, पण स्टीलच्या कड्यावर प्रतिबिंबाची सरळ रेघ पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेली दिसते. उपाय एकच: कॅडमधून फाइल काढतानाच तुकडे बारीक ठेवायचे. तिसरी तपासणी कडांची. खऱ्या वस्तूची कुठलीही कड सुरीसारखी धारदार नसते. पत्रा दाबताना, घासताना, कोटिंग चढताना ती किंचित गोल होते. मॉडेलमध्ये मात्र दोन पृष्ठभाग अगदी काटेकोर कोनात भेटतात. झाकणाच्या आणि कड्याच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली की, त्या बारीक पट्टीवर प्रकाशाची एक रेघ उमटते. ती रेघ नसेल, तर बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

आता कॅमेरा. चित्र उभं ठेवू आणि बाटलीच्या वर-खाली थोडी जागा सोडून ३२ सेंटिमीटर उंचीचा भाग चौकटीत घेऊ. कॅमेऱ्याची लेन्स २४ मिलिमीटरची घेतली, तर एवढा भाग मावायला कॅमेरा बाटलीपासून साधारण २१ सेंटिमीटरवर आणावा लागतो. इतक्या जवळून बाटलीचा तळ खाली पोट काढल्यासारखा आणि झाकण वर फुगल्यासारखं दिसतं. आपण रोज बाटली हातभर अंतरावरून बघतो, त्यामुळे हे चित्र डोळ्यांना खोटं वाटतं. ८५ मिलिमीटरची लेन्स घेतली, की तोच भाग घ्यायला कॅमेरा सुमारे ७५ सेंटिमीटर मागे जातो आणि आकार सरळ होतो. खरं तर हा फरक लेन्सचा नसून अंतराचा असतो. लांब लेन्स आपल्याला मागे जायला भाग पाडते, एवढंच. लहान वस्तूंसाठी ८५ ते १०० मिलिमीटर हा टप्पा फोटोग्राफर वर्षानुवर्षं वापरत आले, तो याच कारणाने.

कॅमेऱ्याची उंची ठरवताना एक पेच येतो. झाकणाचा वरचा भाग थोडा दिसावा, म्हणून कॅमेरा झाकणापेक्षा उंच हवा, समजा टेबलापासून ३३ सेंटिमीटरवर. तिथून बाटली मध्यभागी यावी म्हणून कॅमेरा खाली झुकवला, तर बाटलीच्या उभ्या बाजू तळाकडे निमुळत्या होतात आणि बाटली खाली बारीक असल्यासारखी वाटते. जुन्या स्टुडिओतले लोक यासाठी कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्स खाली सरकवत. ब्लेंडरमध्ये तेच काम कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या `Shift Y` या आकड्याने होतं. आपल्या बाटलीचा मध्य १३ सेंटिमीटरवर, कॅमेरा ३३वर, म्हणजे फरक २० सेंटिमीटर. चौकटीची उंची ३२. विसाला बत्तिसाने भागलं की ०.६२ येतात. कॅमेरा अगदी आडवा, समतल ठेवून `Shift Y` मध्ये उणे ०.६२ भरलं, की झाकणाचा वरचा भागही दिसतो आणि बाजूही सरळ राहतात.

मागचा भाग धूसर करायचा मोह इथेच आवरावा लागतो. ८५ मिलिमीटर लेन्स, ७५ सेंटिमीटर अंतर आणि एफ २.८ असं छिद्र ठेवलं, तर जेमतेम दीड सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट राहतो. बाटलीच जर ७ सेंटिमीटर जाड असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा धूसर होतात आणि ती खेळण्यातली वाटायला लागते. एफ ११ ते १६ इथे ठीक.

कॅमेरा पक्का झाला, की त्याला कुलूप लावावं आणि सगळ्या वस्तूंना एकच साधा राखाडी रंग देऊन दिवे लावायला घ्यावेत. रंग बाजूला ठेवल्यावर प्रकाश नीट कळतो: कुठली बाजू उजळ, कुठली अंधारी, सावली कुठे पडते, बाटली टेबलावर टेकलेली वाटते की नाही. बाटली जिथे टेबलाला टेकते, तिथे काळी, अगदी अरुंद सावली असायला हवी. ती नसेल, तर बाटली तरंगतेय असं वाटतं. बहुतेक वेळा याचं कारण बाटली खरोखरच टेबलापासून मिलिमीटरभर वर राहिलेली असते.

पुढे स्टीलचा पट्टा. त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण खरी परीक्षा तिथेच होते. नळकांड्याच्या आकाराच्या चकचकीत वस्तूत एक विलक्षण गोष्ट घडते. आपल्याला तिचा पुढचा अर्धा भागच दिसतो, पण त्या अर्ध्या भागात जवळपास सगळी खोली मावते. मधल्या भागात कॅमेऱ्याच्या मागची खोली दिसते, थोडं बाजूला गेलं की डावी-उजवी भिंत, आणि अगदी कडेशी बाटलीच्या मागचा पडदा. शिवाय कडेकडे जाताना सगळं आडवं दाबलं जातं, म्हणून समोरची रुंद खिडकी रुंद दिसते, पण बाजूची भिंत काडीएवढी होते.

आता ऑनलाइन दुकानाच्या पद्धतीप्रमाणे पार्श्वभूमी पांढरीशुभ्र ठेवली, तर स्टीलच्या कडेला काय दिसणार? मागचा पांढरा पडदाच. पांढऱ्यावर पांढरी कड म्हणजे कड दिसेनाशी. नवखा माणूस अशा वेळी दिवे वाढवतो आणि पट्टा आणखीच विरून जातो. फोटोग्राफर इथे प्रकाश वाढवत नाही. तो चौकटीच्या किंचित बाहेर, बाटलीच्या दोन्ही बाजूंना आणि जरा मागे काळ्या कार्डाच्या उभ्या पट्ट्या उभ्या करतो. त्यांचं प्रतिबिंब कडेला पडून स्टीलला दोन्हीकडून काळी बारीक रेघ मिळते. ब्लेंडरमध्ये तेच करायचं: दोन उभे आयत, काळं मटेरियल, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. स्टील स्टीलसारखं दिसायला प्रकाशाइतकाच अंधार लागतो.

दिवे दोन पुरतात. डावीकडे ४० बाय ८० सेंटिमीटरचा मोठा चौकोनी दिवा, बाटलीपासून अर्ध्या मीटरवर, आणि उजवीकडे जरा मागे १० सेंटिमीटर रुंदीची उभी पट्टी. डावीकडचा दिवा स्टीलमध्ये आणि झाकणावर स्वतःच्या आकारात, म्हणजे पांढऱ्या उभ्या पट्ट्यासारखा दिसतो. त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा एकदम कापल्यासारख्या असतील, तर चित्र संगणकाचं आहे हे लगेच कळतं. स्टुडिओत दिव्यासमोर पांढरा झिरझिरीत पडदा लावतात, त्यामुळे प्रकाश मध्यभागी जास्त आणि कडेकडे कमी होत जातो. आपण प्रकाश देणाऱ्या आयताला मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू मावळणारी छटा द्यायची. एवढ्या एका बदलाने चित्र जितकं सुधारतं, तितकं दुसऱ्या कशानेही सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

दिव्याचा आकार सावलीही ठरवतो. लहान दिव्याची सावली धारदार, मोठ्या दिव्याची मऊ. पुष्कळ जण दिवे लावण्याऐवजी खऱ्या जागेचा गोलाकार फोटो वापरतात. त्याला एचडीआरआय म्हणतात. अशा फोटोतल्या प्रकाशाने संगणकातली वस्तू उजळायची रीत पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली मांडली. पॉली हेवन या संकेतस्थळावर असे फोटो मोफत मिळतात. बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर दाखवायची असेल, तर ते उत्तम. पण सादरीकरणाच्या मुख्य चित्रात कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या खिडक्या स्टीलवर उमटू देऊ नयेत. तिथे एचडीआरआय अगदी मंद ठेवावा आणि मुख्य प्रकाश आपल्या दिव्यांचाच असू द्यावा.

आता मटेरियल, आणि क्रम पाळला असेल तर हे काम सोपं होतं. ब्लेंडरमधलं `Principled BSDF` हे मूळ मटेरियल डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ साली मांडलेल्या पद्धतीवर उभं आहे. चित्रकाराला भौतिकशास्त्राची डोकेदुखी नको, म्हणून त्यांनी सगळं मोजक्या आकड्यांत आणलं. त्यातले दोन समजले तरी पुष्कळ झालं. `Metallic` म्हणजे वस्तू धातू आहे की नाही. हा आकडा शून्य किंवा एक ठेवावा, कारण अर्धा धातू अशी वस्तू सहसा नसते. `Roughness` म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत: शून्याला आरसा, एकला खडूसारखा कोरडा.

पट्ट्याला आणि कड्याला धातू एक, खरखरीतपणा ०.२५. झाकणाला धातू शून्य, खरखरीतपणा ०.४. फरक असा, की स्टील समोरून बघितलं तरी अर्ध्याहून अधिक प्रकाश परत फेकतं, तर प्लास्टिक समोरून जेमतेम चार टक्के. मात्र प्लास्टिककडे तिरकं बघत गेलं की हे प्रमाण वाढत जातं आणि अगदी कडेला तेही आरशासारखं वागतं. झाकणाचं पूर्ण वर्तुळ कडेने उजळ दिसतं, ते यामुळेच. सॉफ्टवेअर हे स्वतः करतं, म्हणून झाकणाच्या कडा उजळवायला वेगळा दिवा लावायची गरज नसते. आणि काळं प्लास्टिक पूर्ण काळं ठेवू नये. खऱ्या काळ्या वस्तूही थोडा प्रकाश परत देतात. अगदी शून्य काळा दिला, तर झाकणाच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं.

पट्ट्यावर घासकामाच्या बारीक आडव्या रेघा असतात. पातेल्याचं घासलेलं बूड उन्हात धरलं, तर त्यावर चकाकीचे दोन पंखे मध्यापासून बाहेर पसरलेले दिसतात आणि पातेलं फिरवलं तरी ते जागचे हलत नाहीत. रेघा ज्या दिशेला, त्याच्या काटकोनात चकाकी ताणली जाते, म्हणून असं दिसतं. बाटलीच्या पट्ट्यावर रेघा आडव्या असल्याने चकाकी उभी ताणली जायला हवी. ब्लेंडरमध्ये त्यासाठी `Anisotropic` हा आकडा आहे. दिशा चुकून चकाकी आडवी पसरली, तर स्टीलचं काम जाणणारा माणूस पहिल्या नजरेत ओळखतो.

पावडर कोटिंगला धातू शून्य आणि खरखरीतपणा साधारण अर्धा. त्यावर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक लहरी असतात, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या. त्या मोठ्या पडल्या, की बाटली एकदम लहान वाटते, कारण डोळा पोतावरून वस्तूचा आकार ताडतो. या लहरींना शेवटी एक धोका असतो. कमी किरणांत केलेलं चित्र दाणेदार दिसतं आणि दाणे निम्मे करायला चौपट किरण लागतात, म्हणजे वेळही चौपट. तो वाचवायला दाणे पुसणारी सोय वापरतात. ती दाण्यांबरोबर कोटिंगचा पोतही पुसते आणि बाटली मेणाची दिसते. अंतिम चित्र मोठं करून हिरव्या भागावर पोत शाबूत आहे का, हे बघितल्याशिवाय ते कोणाला पाठवू नये.

राहिला रंग, आणि इथे प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. उद्योजकाने कोटिंगची शेड, समजा आरएएल ६००५ हा शेवाळी हिरवा, ठरवलेली असते. आपण तोच रंग सॉफ्टवेअरमध्ये भरतो, पण चित्रात तो फिकट उतरतो. याचं कारण ब्लेंडर ४.०पासून मूळ सेटिंग `AgX` असतं. ते झगझगीत भाग सौम्य करताना रंगही थोडे उतरवतं. `Standard` निवडलं, तर रंग मूळच्या जवळ राहतो, पण चकाकी पांढरीफट्ट होते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. माझी पद्धत अशी, की `AgX` ठेवावं, एक रंगपट्टी त्याच दिव्यांखाली बाटलीशेजारी ठेवून तीही रेंडर करावी आणि बाटलीचा रंग तिच्या मदतीने जुळवत आणावा.

इतकं करूनही मोबाइलवर एक हिरवा दिसतो, लॅपटॉपवर दुसरा आणि छापील पत्रकात तिसरा. म्हणून रेंडर दाखवून आकार, झाकण आणि पट्ट्याची रुंदी पक्की करून घ्या, चित्राखाली ते संगणकावर तयार केलेलं आहे असं स्पष्ट लिहा, आणि रंगाची मंजुरी मात्र कोटिंग चढवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर, दिवसाउजेडी, ग्राहकाच्या सहीनेच घ्या.